लग्नघर, यात्रा आणि फ्लू: नाशिकमध्ये गर्दीला जाण्याआधी आणि आल्यावर काय करायचं

माझा दवाखाना पंचवटीत आहे. तुळशीचं लग्न लागलं की इथे लग्नसराई सुरू होते, आणि दर लग्नसराईत एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं: "डॉक्टर, लग्नाची दगदग झाली, म्हणून अंग मोडून आलंय." लग्न होऊन दोन ते चार दिवस झालेले असतात. ताप अचानक चढलेला असतो, घसा दुखत असतो, कोरडा खोकला असतो, आणि घरात अजून दोघं तसेच पडलेले असतात. दगदगीने पाय दुखतात, पण १०२ ताप येत नाही. हा बहुतेक वेळा फ्लू असतो.

नाशिकमध्ये जे नव्याने राहायला आले आहेत, किंवा ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कार्य आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फ्लूची भीती घालायची नाही. लग्नाला जावं, यात्रेलाही जावं. पण गर्दीत फ्लू नेमका कुठे गाठतो हे कळलं, तर मोजक्या चार-पाच गोष्टी करून बराचसा टाळता येतो. माणसं नको तिथे काळजी घेतात आणि हवी तिथे घेत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

आधी एक घडलेली गोष्ट

माघातलं लग्न होतं, माझ्याच नात्यातलं. वऱ्हाड धुळ्याहून येणार होतं. गुरुवारी संध्याकाळी नवरदेवाच्या सात वर्षांच्या पुतण्याला शिंका सुरू झाल्या. शुक्रवारी सकाळी अंगात १०१ ताप. आईने पॅरासिटामॉलचं औषध पाजलं, तासाभरात ताप उतरला, पोरगा खेळायला लागला. "उतरला ना? चला मग," असं म्हणून सगळे दुपारी निघाले. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, एसी सुरू, काचा बंद, साडेतीन तासांचा प्रवास. पोरगा आजीचा लाडका, त्यामुळे बराच वेळ तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. आजी बहात्तर वर्षांची, पंधरा वर्षांचा मधुमेह.

रात्री जानवसघर म्हणजे कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. तीस गाद्या एकाला एक लागून. नाशिकची थंडी ठाऊक असेलच. निफाडकडे तर हिवाळ्यात द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. कुणीतरी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. शुक्रवारची आणि शनिवारची, दोन्ही रात्री तो हॉल बंद होता.

रविवारी लग्न लॉनवर, उघड्यावर, छान पार पडलं. रविवारी रात्री मुलाच्या काकाला थंडी वाजून ताप आला. सोमवारी गाडीतल्या आणखी तिघांना. मंगळवारी आजी जेवली नाही, नुसती पडून राहिली. ताप पाहिला तर ९९.५, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. "थकलीय, झोपू द्या." बुधवार तसाच गेला. गुरुवारी संध्याकाळी मला फोन आला, कारण आजीला बोलताना दम लागत होता. ऑक्सिजन ८९ होता. तिला तातडीने दवाखान्यात भरती करावं लागलं. आजी बरी होऊन घरी आली, पण सहा दिवसांनी.

मी त्या लग्नात होते. शनिवारी हळदीला तो पोरगा माझ्यासमोर खोकत होता, आणि आजी त्याला भरवत होती. मी दोघांना वेगळं बसवायला हवं होतं. लग्नघरात कुणाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले, हे मला आजही बोचतं. म्हणून पुढच्या पायऱ्या याच गोष्टीवरून लिहिल्या आहेत.

पायरी पहिली: जागा ओळखा

त्या लग्नात चारशे पाहुणे होते. आजारी पडले ते बहुतेक एका गाडीतले आणि एका हॉलमधले. लॉनवर नुसत्या अक्षता टाकून जेवून गेलेल्यांपैकी कुणी आजारी पडल्याचं माझ्या कानावर आलं नाही. यात आश्चर्य काही नाही. फ्लूचा विषाणू खोकताना, शिंकताना, बोलताना आणि मोठ्याने गातानाही तोंडावाटे बाहेर पडतो. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. अगदी बारीक थेंब मात्र बंद खोलीत बराच वेळ हवेत तरंगत राहतात. उघड्यावर वारा ते पांगवतो. बंद गाडीत ते साचत जातात आणि तीच हवा सगळे तासन् तास आत घेतात.

तेव्हा कार्याची किंवा यात्रेची आखणी करताना माणसं किती येणार यापेक्षा एक प्रश्न विचारा: बंद छपराखाली, एकमेकांच्या हातभर अंतरात, तासाभरापेक्षा जास्त वेळ आपण कुठे कुठे असणार? लग्नात उत्तर साधारण ठरलेलं असतं. प्रवासाची गाडी, जानवसघर, मेंदीची खोली, आणि नवरीची तयारी करतात ती लहानशी कोंदट खोली. यात्रेत ती मुक्कामाची जागा आणि कीर्तनाचा बंदिस्त मंडप असतो. सगळी काळजी या तीन-चार जागांवर खर्च करा. मोकळ्या लॉनवर किंवा रस्त्याने चालताना फार जिवाला घोर लावून घ्यायची गरज नाही.

एक गैरसमज इथेच काढते. रामकुंडावर पहाटे थंड पाण्यात स्नान केल्याने फ्लू होत नाही, आणि गोदावरीच्या पाण्यातून तो पसरतही नाही. फ्लू माणसाकडून माणसाला होतो. थंडीचा संबंध इतकाच की गार, कोरड्या हवेत विषाणू जास्त तग धरतो आणि आपण दारं-खिडक्या लावून घेतो. सर्दी-ताप थंडीने झाला असं वाटतं, पण खरा घोळ त्या लावलेल्या खिडकीने केलेला असतो.

पायरी दुसरी: तारखेपासून मागे मोजा

फ्लूच्या लशीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी टोचून घेतलेली लस त्या लग्नासाठी उपयोगाची नाही. मुहूर्त ठरला की कॅलेंडरवर एक महिना मागे या आणि तिथे खूण करा. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले, आणि सहा महिने ते पाच वर्षांची मुलं यांनी त्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांना भेटून लस घ्यावी. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच लस द्यायची असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून त्याच्यासाठी दोन महिने आधी हलावं. नवरा-नवरी तरुण असले तरी घ्यावी असं माझं मत आहे, कारण त्या दिवशी सर्वात जास्त माणसं त्यांच्याच तोंडासमोर येतात.

विषाणू आपलं रूप बदलत असतो, त्यामुळे लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. घेताना चालू हंगामाचीच आहे ना आणि मुदत संपलेली नाही ना, हे बाटलीवर पाहून घ्या. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी कणकण येते. टोचण्याच्या लशीने फ्लू होत नाही.

लशीची मर्यादाही सांगते. लस फिरत्या विषाणूशी नीट जुळली त्या वर्षी, ज्यांना एरवी फ्लू झाला असता अशा दहापैकी साधारण चार ते सहा जणांचं आजारपण ती टाळते. म्हणजे लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण झालाच तर तो दवाखान्यात भरती होण्यापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते, आणि आजीसारख्या माणसासाठी तेच महत्त्वाचं आहे.

पायरी तिसरी: आजारी माणसाने थांबायचं, आणि ते आधीच सांगून ठेवायचं

सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी हीच, आणि पाळायला सगळ्यात अवघडही हीच. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून दुसऱ्यांना आजार देऊ शकतो, आणि नंतर पाच ते सात दिवस देत राहतो. पहिले तीन दिवस सर्वात वाईट. लहान मुलं त्याहून जास्त दिवस देतात.

आता त्या पोराचे दिवस मोजा. गुरुवारी लक्षणं सुरू झाली. शुक्रवार, शनिवार हे त्याचे सर्वात जास्त फैलाव करण्याचे दिवस. नेमक्या त्याच दिवसांत तो बंद गाडीत आणि बंद हॉलमध्ये होता. औषधाने ताप उतरला होता, विषाणू गेला नव्हता. म्हणून नियम असा: पॅरासिटामॉल न घेता सलग चोवीस तास ताप नसेल, आणि खोकला-सर्दीही उताराला लागली असेल, तरच गर्दीत जायचं. त्यानंतरही चार-पाच दिवस बंद जागेत मास्क लावायचा.

ऐनवेळी कुणाला "येऊ नका" म्हणणं आपल्याकडे जमत नाही. आमंत्रणाचा तो अपमान वाटतो. म्हणून आठवडाभर आधी, कुणीच आजारी नसताना, यजमानांनी सगळ्यांना सारखाच निरोप द्यावा. पुढच्या लग्नात आम्ही घरच्या ग्रुपवर टाकला तो असा होता:

"सर्वांना नमस्कार. आजी-आजोबा आणि दोन तान्ही बाळं कार्याला आहेत. कार्याच्या तीन दिवस आधी कुणाला ताप किंवा खोकला आला तर कृपया काकूंना फोन करा. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल आणि खोकला उताराला लागला असेल तर अक्षतांना लॉनवर मास्क लावून जरूर या, फक्त गाडीत आणि जानवसघरात तुमची सोय वेगळी करू. मुलाला ताप असेल तर त्याच्यासोबत थांबणाऱ्यांना जेवणाचा डबा घरपोच येईल, मुहूर्त व्हिडिओवर दाखवू."

यातला डबा आणि व्हिडिओ महत्त्वाचे आहेत. आजारी माणसाला मागे राहायची सोय दिली नाही, तर तो ताप लपवतो. फोन घेणारी व्यक्ती वयाने थोडी मोठी आणि गोड बोलणारी निवडा. त्या लग्नात तीन फोन आले. तिघांचीही सोय झाली आणि कुणी रुसलं नाही.

पायरी चौथी: हवा खेळती आहे का ते उदबत्तीने पाहा

कार्यालय ठरवताना आपण जेवणाचा हॉल, पार्किंग, जनरेटर बघतो. जानवसघराच्या खिडक्या उघडतात का हे कुणी बघत नाही. कित्येक ठिकाणी त्या रंगाने चिकटलेल्या असतात किंवा आड गाद्यांचा ढीग असतो. बुकिंगला जाल तेव्हा खिशात उदबत्ती आणि काडेपेटी घेऊन जा.

हॉलच्या मध्यावर, झोपलेल्या माणसाचं नाक जिथे येईल तितक्या उंचीवर, उदबत्ती पेटवून धरा. पंखे बंद. रात्री जशा ठेवणार तशाच खिडक्या ठेवा. धूर सरळ वर जाऊन छताखाली घोटाळत राहिला, आणि पंधरा मिनिटांनीही खोलीभर वास तसाच असेल, तर तिथली हवा हलत नाही. धूर एका बाजूला वाकून खिडकीकडे ओढला जात असेल तर ठीक. बहुतेक हॉलमध्ये समोरासमोरच्या भिंतींतली एकेक खिडकी चार बोटं उघडली की धुराची रेघ वाकते. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्या उघडून तितका फायदा होत नाही. हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. स्वच्छतागृहात हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर तो सुरू ठेवून दार किलकिलं ठेवा. ही परीक्षा ढोबळ आहे, पण दोन रुपयांत होते.

थंडीचं काय, असं विचाराल. खिडकीजवळच्या गाद्या तरण्या मुलांना द्या आणि एकेक जादा रग द्या. खिडकी बंद करून उबदार राहण्यापेक्षा उघडी ठेवून पांघरूण वाढवणं चांगलं. गाद्या घालताना एकाचं डोकं जिकडे, शेजारच्याचे पाय तिकडे, असं आलटूनपालटून घाला. दोन तोंडांमधलं अंतर त्याने आपोआप चार-पाच फुटांपर्यंत वाढतं. आजी-आजोबा आणि गरोदर सुनेला जानवसघरात झोपवूच नका. जवळच्या नातेवाइकाच्या घरी एक खोली मागा. नाशिकमध्ये ओळखीचं घर नाही असं वऱ्हाड विरळाच.

गाडीतही हेच. ड्रायव्हरच्या मागची एक काच आणि शेवटच्या सीटजवळची विरुद्ध बाजूची एक काच, दोन्ही चार बोटं उघड्या ठेवा. एसी लावायचाच असेल तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत घेणारं सुरू करायला ड्रायव्हरला सांगा. धुळ्याहून येताना मालेगाव आणि चांदवडला थांबलात तर सगळ्यांनी खाली उतरा आणि दहा मिनिटं सगळी दारं उघडी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना उघड्या काचेजवळ शाल देऊन बसवा, आणि गाडीत मास्क लावायला सांगा. सर्दी झालेल्या नातवंडाला त्या प्रवासापुरतं आजीच्या मांडीवर देऊ नका, मग ते कितीही रडो.

पायरी पाचवी: मास्क आणि हात, पण नेमक्या वेळी

दिवसभर लग्नात मास्क लावून कुणी बसणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी तसं सांगतही नाही. गाडीत, मेंदीच्या खोलीत, देवळाच्या बंदिस्त दर्शनबारीत, आणि व्यासपीठावर आहेर द्यायच्या रांगेत लावा. खोकणाऱ्याने तर लावायलाच हवा. तीन थरांचा साधा मास्क चालतो. म्हाताऱ्यांसाठी आणि दम्याच्या रुग्णांसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ जास्त चांगला. नाक उघडं असेल तर मास्क लावून उपयोग नाही. घामाने किंवा श्रावणातल्या पावसाने तो ओला झाला की बदला, म्हणून खिशात दुसरा कोरडा ठेवा. पदर किंवा रुमाल मास्कची बरोबरी करत नाही, तरी खोकताना काहीच नसण्यापेक्षा बरा. तेही नसेल तर कोपराच्या वळणात खोका, तळहातात नको. तळहाताने तुम्ही लगेच कुणाला तरी जिलेबी वाढणार असता.

हातांबाबत पंगतीची एक गोष्ट मला खटकते. हात धुवायला सहा-आठ नळांची रांग असते, आणि साबण एकाही नळावर नसतो. नुसत्या पाण्याने बोटांवरचं तूपसुद्धा निघत नाही. भाजीच्या जाळीच्या पिशवीत साबणाची वडी घालून ती प्रत्येक नळाला सुतळीने बांधा. वडी घरंगळत नाही, चोरीला जात नाही, आणि जाळीवर हात चोळला की फेस पटकन येतो. आठ नळांना आठ वड्या दिवसभर पुरतात. वीस सेकंद चोळायचं, नखांच्या कडाही. तिथे टांगलेला एकच सामाईक नॅपकिन मात्र काढून टाका; प्रत्येकाने आपला रुमाल वापरावा. पाण्यासाठी एकच तांब्या-पेला सगळ्यांत फिरवू नका. फ्लू अन्नातून होत नाही, पण एकाच्या ओठाचा पेला दुसऱ्याच्या ओठाला लागला तर होऊ शकतो.

अन् भेटताना हात जोडून नमस्कार. आपल्याकडे तो आधीच आहे, वेगळं काही शिकायचं नाही.

काय करत बसू नये तेही सांगते. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधल्याने फ्लू अडत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या जवळ कापूर घातक ठरू शकतो. धुपाच्या धुराने विषाणू मरत नाही, खोकला मात्र वाढतो. आल्याचा काढा घशाला आराम देतो, तेवढ्यासाठी जरूर घ्या.

पायरी सहावी: परतल्यावर पाच दिवस लक्ष

विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं येतात, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी. त्यामुळे रविवारचं लग्न असेल तर गुरुवारपर्यंत, फार तर शुक्रवारपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष ठेवा. सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि रोज विचारा: जेवलात का, दम लागतोय का?

तरुण माणसाचा फ्लू ओळखायला सोपा असतो. अमुक वाजता ताप आला असं तो घड्याळ लावून सांगू शकतो, इतका अचानक येतो. अंग ठेचल्यासारखं दुखतं, डोकं दुखतं, कोरडा खोकला येतो. साधी सर्दी हळूहळू येते आणि नाकातच राहते. म्हाताऱ्या माणसाचं वेगळं असतं. त्यांना ताप कमी येतो किंवा येतच नाही. जेवण सुटतं, गळून जातात, असंबद्ध बोलतात, मधुमेह असेल तर साखर विनाकारण वाढते. आजीचं नेमकं हेच झालं. ९९.५ या आकड्याने सगळ्यांना फसवलं.

आजी मंगळवारीच आल्या असत्या तर काय झालं असतं? फ्लूवर ऑसेल्टामिव्हिर नावाचं औषध आहे. ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर सर्वात जास्त उपयोग होतो. जोखमीच्या माणसाला तपासणीच्या अहवालाची वाट न बघताही डॉक्टर ते सुरू करू शकतात. आजीच्या बाबतीत ते दोन दिवस "झोपू द्या" म्हणण्यात गेले. उशीर झाला तरी दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णाला ते दिलं जातं, पण लवकर मिळणं वेगळं. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका. अँटिबायोटिकचा फ्लूच्या विषाणूवर काही परिणाम होत नाही. मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांचा कोर्स आणून घेतात आणि तेच दोन दिवस वाया जातात.

निरोगी तरुणाला बहुतेक वेळा विश्रांती, भरपूर पाणी, पेज, आणि तापाला पॅरासिटामॉल पुरतं. त्याने वेगळ्या खोलीत झोपावं, खिडकी उघडी ठेवावी, आणि सेवेला एकच जण असावा. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन कधीच देऊ नका.

साठीच्या पुढचे, गरोदर, लहान बाळ, किंवा जुना आजार असलेला कुणीही तापला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि "तीन दिवसांपूर्वी लग्नात खोकणाऱ्या मुलाजवळ होते" हे आपणहून सांगा. त्या एका वाक्याने आमचा विचार योग्य दिशेला वळतो. आणि खालीलपैकी काहीही दिसलं तर कुणीही असो, थांबू नका: दम लागणं, छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, थुंकीतून रक्त, गुंगी किंवा भ्रम, लघवी अगदी कमी होणं, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा जोरात चढणं. बाळ दूध ओढत नसेल किंवा त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील, तर तेही यातच. रुग्णवाहिकेसाठी १०८, सल्ल्यासाठी १०४.

घरात ऑक्सिमीटर असेल तर बसल्या जागी पाहा. ९४ च्या खाली आकडा टिकून राहिला तर निघा. नेलपॉलिश किंवा दाट काळी मेंदी असलेल्या बोटावर आकडा चुकू शकतो, आणि लग्नानंतर घरात कोरं बोट सापडणं कठीण असतं. पुरुषांच्या किंवा मुलांच्या बोटावर आधी यंत्र तपासून घ्या, आणि बायकांसाठी मेंदी न लागलेलं बोट शोधा.

यात्रेला निघताना यात काय बदलतं

आपल्याकडे फ्लू वर्षातून साधारण दोनदा जोर धरतो: जानेवारी ते मार्च, आणि पावसाळ्यात. नाशिकचं यात्रांचं पंचांग या दोन्ही हंगामांवर बरोबर बसतं. पौषात लग्नं थांबतात, पण पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तीनाथांची यात्रा भरते आणि ऐन थंडीत दिंड्या पायी येतात. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला आणि तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला गर्दी होते, तेव्हा पावसाळी लाट असते. पाठोपाठ गणपती आणि सप्तशृंगगडावरची नवरात्र.

दिंडीत चालण्याचा धोका कमी. रस्ता मोकळा आहे, वारा आहे. धोका रात्रीचा. शाळेच्या वर्गात पन्नास जण झोपतात, आणि कनाती चारी बाजूंनी पाडलेल्या मंडपात कीर्तन रंगतं, टाळकरी मोठ्या आवाजात गातात. चोपदारांना विनंती करून समोरासमोरच्या दोन कनातींचा खालचा पट्टा हातभर वर बांधून घ्या. वर्गात डोकं-पाय आलटूनपालटून झोपा. चालताना ज्याला ताप भरला त्याला सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बंद केबिनमध्ये बसवतात. त्याऐवजी त्याला मागे, हवेशीर जागेत, मास्क लावून बसवा आणि पुढच्या गावी डॉक्टरांना दाखवून घरी पाठवायची सोय करा. दिंडीत चाळीस जणांमागे एक थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर, पन्नास मास्क, पॅरासिटामॉल आणि ओआरएस एवढी पिशवी पुरते. दर्शनबारीत तासन् तास उभं राहावं लागतं, तिथे मास्क लावा, आणि तीर्थ तळहातावर घेण्याआधी हाताला सॅनिटायझर चोळा, ज्यात किमान साठ टक्के अल्कोहोल आहे असा.

पावसाळी यात्रेहून आल्यावर ताप आला तर आणखी एक लक्षात ठेवा. तेव्हा डेंगीही असतो. सर्दी-खोकला नाही, पण जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ असेल तर फ्लू समजून घरी बसू नका, रक्त तपासा. निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, पॅरासिटामॉलवरच राहा.

सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येत आहेत, म्हणजे पावसाळी हंगामातच. २०१५ लाही तसंच होतं. नाशिककरांच्या घरी तेव्हा पाहुण्यांचा ओघ लागतो. दोन खोल्यांच्या घरात दहा-बारा जण झोपले की ते घरही जानवसघरच होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची लस त्या जून-जुलैत उरकून घ्या, पाहुण्यांना वर दिलेला निरोप आधीच पाठवा, आणि आजी-आजोबांची खोली पाहुण्यांच्या झोपण्यासाठी देऊ नका. गच्ची किंवा गॅलरी असेल तर वर ताडपत्री बांधून मुलांना तिथे झोपवा. मुलांना ते आवडतंच.